पेनड्राइव्हची पाठवणी

संत्या,

मेसेज लांब आहे. विमानतळावर बॅगा आत गेल्या की मग वाच. घरात वाचलास तर काकी विचारेल, "काय वाचतंस रे?" आणि मग तिलाही आणखी काहीतरी आठवेल. आधीच तिला फार आठवतंय.

नॉर्वेत, बर्गनला न्यायला तुला चार गाणी काढून देतो, असं मी बोललो होतो. चारच. डिसेंबरात कामावरून येशील, मोजे वाळत घालशील, तेव्हा ऐकायला. पण तुझ्या सामानाचं महाभारत वाडीत सगळ्यांना पाठ झालेलं. 23-23 किलोच्या दोन बॅगा, आणि त्यात कुळथाचं पीठ, वड्याचं पीठ, मालवणी मसाला, सोलं, गोलमो आणि वहिनीने कोंबलेली दोन जॅकेटं. काकीने तांदळाच्या दुकानातला काटा घरी आणून ठेवला आणि रोज कोणाची ना कोणाची पुडी त्या काट्यावर नापास होऊ लागली. ज्यांची पुडी परत गेली त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. गाण्यांना वजन नसतं हे एकाला कळलं, आणि मग तिसऱ्या दिवशी आमच्या पडवीत चपला ठेवायला जागा उरली नाही.

तू म्हणाला होतास, "यादी कर आणि ॲपवर लिंक पाठव." तुझं हे नेहमीचं. गाण्यांचे हक्क देशादेशाप्रमाणे विकलेले असतात, बाबा. इथे यादीत ठणठणीत दिसणारं गाणं तिकडे गेल्यावर करड्या अक्षरात दिसू शकतं, त्यावर कितीही टिचक्या मार, वाजत नाही. आणि ॲपात 'डाउनलोड' केलेलं गाणं फोनमध्ये असलं तरी तुझं नसतं. अधूनमधून नेटला लावून पैसे भरलेत याची खातरजमा झाली नाही, की ते कुलूपबंद. म्हणून घरच्या सीडी काढल्या, त्यावरून एमपी-थ्री केल्या आणि सरळ पेनड्राइव्हवर चढवल्या. साध्या दर्जात मिनिटाला साधारण एक एमबी लागते, उत्तम दर्जात अडीचच्या आसपास. म्हणजे अख्ख्या रात्रीचा दशावतार घातला तरी साध्या दर्जात साडेतीनशे एमबीत बसतो. पेनड्राइव्ह 32 जीबीचा आहे. पूर्ण वाडी तीन आठवडे रात्रंदिवस गात बसली तरी काठोकाठ भरेल की नाही शंका आहे, आणि नेमकी तीच अडचण झाली. काट्यावर निदान 'नाही' म्हणता येतं. मला कोणालाच नाही म्हणता येईना.

मग मी एकच नियम केला. रडवणारं गाणं नको. तुला तिथे एकट्याला रडताना धरायला कोणी नाही, आणि शेजाऱ्यांना तू अजून पुरेसं ओळखत नाहीस.

नियम करून मी पडवीत बसलो आणि पहिले आले नाना, तुझे तीर्थरूप. त्यांनी सांगितलं, "सागरा प्राण तळमळला". पुढे काही बोललेच नाहीत. जणू त्यानंतर यादी करण्याची गरजच नाही. आता मंगेशकर भावंडांनी गायलेल्या त्या गाण्याला नको म्हणायची माझी छाती नाही. पण मी म्हटलं, "नाना, ते काव्य 1909 साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलं. सावरकरांच्या मागे पोलीस होते, परतीची वाट बंद होत चालली होती. आपल्या संत्याला वर्षाला पाच आठवडे रजा आहे. त्याला मातृभूमीला परत नेण्याचं काम सागराकडे नाही, विमान कंपनीकडे आहे." नाना म्हणाले, "समुद्र तोच ना?" मी म्हटलं, "तोही नाही. ब्रायटनला इंग्लिश खाडी, बर्गनला उत्तर समुद्र." भूगोलावर नाना गप्प होतात हे मला शाळेपासून माहीत आहे, पण यावेळी झाले नाहीत. शेवटी तडजोड झाली. 'नाना' नावाचा वेगळा फोल्डर केला आहे, त्यात तेवढं एकच गाणं आहे. लागोपाठ दोन गणपती चुकले, तरच उघडायचा.

काकीचं प्रकरण जास्त अवघड होतं. तिला हवं होतं "या चिमण्यांनो, परत फिरा रे". 'जिव्हाळा' चित्रपट 1968 चा, गाणं गदिमांचं, चाल खळ्यांची, आवाज लताबाईंचा. या तिघांपुढे मी नियम काढला, तर काकी म्हणाली, "रडूचा कोणी? तेनी की मी?"

"त्याने."

"तो खय रडता! मी रडतंय. माका व्हया ता गाणा."

आणि मला एकदम पटलं. त्या गाण्यात चिमण्या बोलतच नाहीत, हाक मारणारी आई बोलते. मग ते गाणं चिमण्यांच्या खिशात कशाला? हाक मारणाऱ्याकडे असलं पाहिजे. ते मी काकीच्या मोबाइलवर घातलंय आणि दिवेलागणीला एका बोटाने लागेल असं पडद्यावर चिकटवून दिलंय. तू फक्त एवढंच कर, की तिकडच्या दुपारी अडीच-तीनच्या सुमारास फोन करू नकोस. आपल्याकडे तेव्हा ते वाजून गेलेलं असतं.

आता माझी गाणी.

पहिलं, "मी डोलकर, दर्याचा राजा". यात वाद कसला, असं मला वाटलं होतं. किनाऱ्यावरचा माणूस परदेशी जातोय, समुद्राचं गाणं घेऊन जातोय, संपलं. पण पडवीत तातू बसले होते. उभा जन्म रापणीत गेलेला माणूस. त्यांनी विडी खाली ठेवली.

"डोल खय नि रापण खय! आमच्या पोराच्या गळ्यात मुंबयवाल्यांचा जाळा कित्याक बांधतंस?"

मी म्हटलं, जाळं ते जाळं. तातूंनी पुढचा अर्धा तास मला जे ऐकवलं त्यातलं छापण्यासारखं एवढंच. डोल हे पिशवीसारखं, निमुळतं होत जाणारं जाळं. भरतीओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून ते खुंटांना बांधून ठेवायचं. पाण्याच्या जोरानेच त्याचं तोंड उघडं राहतं, आणि प्रवाहाबरोबर येणारा बोंबील, जवळा, करंदी आत शिरते. प्रवाह थांबला, की पाणी उलटायच्या आत जाळं उचलायचं. म्हणजे डोलकर माशामागे धावत नाही, मासा आणून देण्याचं काम भरतीओहोटीवर सोपवतो. हा सगळा धंदा मुंबई, पालघर, रायगडकडचा, कारण तिथे पाण्याला तसा जोर आहे आणि बोंबीलही तिथेच रग्गड. आपल्या मालवणात रापण. होडीतून अर्धगोल जाळं सोडत जायचं, दोन्ही टोकं वाळूवर आणायची, आणि दोन रांगांत उभं राहून ओढत ओढत एकमेकांकडे सरकायचं. ज्याने दोराला हात लावला, त्याच्या पदरात मासा पडलाच पाहिजे.

हे सगळं ऐकूनही मी गाणं ठेवलं, आणि का ते तुला सांगतो, कारण ते मी तातूंना सांगू शकलो नाही. गाणं कोणी केलं बघ. शब्द शान्ता शेळक्यांचे, त्या जन्माने इंदापूरच्या, म्हणजे घाटावरच्या. लताबाई जन्मल्या इंदूरला. आणि लताबाईंबरोबर डोलकर होऊन जो गातो तो हेमंतकुमार, चक्क बंगाली. नदीच्या इलिश माशावर वाढलेल्या मुलखातला माणूस छाती काढून सांगतो, की मी दर्याचा राजा, आणि आपल्यापैकी एकानेही आजवर त्याला आधारकार्ड विचारलेलं नाही. उलट कोळीवाड्यात हळदीला हेच गाणं वाजतं. हृदयनाथांनी चाल अशी बांधली, की त्यावर बसलं की माणूस डुलतोच, मग तो कुठला का असेना.

तू परवा मला फोनवर म्हणालास, की नॉर्वेजियन तोंडात बसत नाही, आभार मानायला 'तक्क' म्हटलं तरी समोरचा हसतो, आपण तिथले कधीच वाटणार नाही. त्या दिवशी हे गाणं लाव आणि हेमंतकुमारांचा आवाज ऐक. त्यांनी कोळ्यांच्या बोलीचा वर्ग लावला होता का, ठाऊक नाही. पण शब्द तोंडात धरून चाचरत बसले नाहीत, एवढं ऐकू येतं.

याच माणसाने पुढे 1976 च्या 'हा खेळ सावल्यांचा'मध्ये आशाबाईंबरोबर "गोमू संगतीनं" गायलं. तेही दिलंय, पण कारण अगदी व्यवहारी आहे. ऑफिसच्या पार्टीत कोणीतरी म्हणणारच, तुमच्याकडचं एखादं गाणं म्हणा. अशा वेळी भावगीत काढलंस तर मेलास. त्यांना शब्द कळणार नाहीत आणि तुझा सूर त्यांना कळेल. त्यापेक्षा ज्याचं धृपद दोनदा ऐकून कोणालाही ओरडता येतं, असं गाणं काढ. सहलीच्या एसटीत शेवटच्या बाकापासून ड्रायव्हरपर्यंत हे गाणं पोचतं, बर्गनच्या कँटीनमध्ये का नाही पोचणार?

तातू मात्र रुसले ते रुसलेच. मग त्यांची समजूत काढायला मी म्हटलं, रापणीचं तुम्हीच काहीतरी द्या. म्हणाले, "रापणीक गाणा खयचा? आरोळी आसता." ठीक आहे, आरोळी द्या. मोबाइल पुढे धरला. तातूंनी तोंड उघडलं आणि खोकले. पुन्हा उघडलं, आवाजच निघेना. ज्या माणसाची हाक किनाऱ्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायची, तो आमच्या पडवीत लाजून बसला. मग स्वतःच म्हणाले, "दोर नाय रे हातात."

काथ्याचा दोर आणला. एक टोक परसातल्या माडाला बांधलं, दुसरं तातूंच्या हातात दिलं. पाय रोवले, टाच वाळू शोधत असल्यासारखी मातीत फिरवली, दोर खांद्यावरून घेतला, कंबर मागे टाकली, आणि पहिल्या ओढीला जो आवाज आला त्याने कोंबड्या उडाल्या. शेजारचे दोघे काही न विचारता येऊन दोराला लागले. माड अर्थातच आला नाही, पण नारळ एक पडला. रेकॉर्डिंगमध्ये शेवटी 'धप्प' असा जो आवाज आहे तो त्याचा. हे जेमतेम मिनिटभराचं आहे. तिथे घर बदलताना सोफा जिन्यावरून वर न्यायचा असेल तेव्हा लाव. तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही, असं तूच म्हणालास.

आता सकाळचं. सकाळ ही तिकडे एक भानगड आहे, ते मी आधीच शोधून ठेवलंय. डिसेंबरात बर्गनला सूर्य पावणेदहाच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळतो. तू अंधारात कामावर जाणार, अंधारात घरी येणार, आणि उजेड ऑफिसच्या काचेतून बघणार. अशा माणसाला भूपाळी पाहिजेच. म्हणून "घनश्याम सुंदरा श्रीधरा". 'अमर भूपाळी' 1951 चा, पंडितराव नगरकर आणि लताबाई. संगीत वसंत देसाईंचं, आणि देसाई आपल्या कुडाळकडच्या सोनवड्याचे, हे तिथे कोणी मराठी माणूस भेटला तर लगेच सांगून टाकायचं. चित्रपट 1952 साली कान महोत्सवात जाऊन आला, म्हणजे आपल्या गावच्या माणसाची भूपाळी तुझ्या कितीतरी आधी परदेशी जाऊन आलेली आहे. आणि मूळ रचना होनाजी बाळाची. तो एक माणूस नव्हे, दोघे. होनाजी लिहायचा, बाळा गायचा. आपलंही असंच आहे, फक्त आपल्यात दोघांनाही गाता येत नाही.

भूपाळी सूर्य उगवताना ऐक, गजर झाल्यावर नव्हे. सहाच्या मिट्ट काळोखात अरुणोदय झाल्याचं ऐकलंस तर लताबाईंवरचा विश्वास उडेल. पावणेदहाला, कॉफीच्या सुट्टीत. तेव्हा आपल्याकडे सव्वादोन वाजलेले असतील, नाना जेवून आडवे झालेले असतील आणि त्यांच्या घोरण्याने भिंतीवरचं कॅलेंडर हलत असेल. जूनमध्ये उलट तऱ्हा. रात्री अकरापर्यंत उजेड. तेव्हा भूपाळी बंद, पडदे जाड घे.

वहिनीने सुचवलं "ये रे घना". सुचवताना तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहीत नाही, ती एप्रिलपर्यंत इथेच आहे आणि मला तिच्या हातचा चहा प्यायचा आहे. पण मी म्हटलं, "वहिनी, बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे उभं राहून घनाला ये म्हणणं म्हणजे शिमग्याला बोंब मारायचं आमंत्रण देणं." वहिनी म्हणाली, "आपल्याकडे तीन हजार पडतो." आकड्यात आपण जिंकतो, हे खरं. पण आपला पाऊस कसा, मृगाला येतो, चार महिने अंगणात ठाण मांडतो आणि भात पिकला की जातो. जायची तारीख ठरलेल्या पाहुण्याचा राग येत नाही. तिकडे तो बारा महिने येऊन-जाऊन असतो, बारीक, निमूट, छत्री उघडावी की नाही या विचारात टाकणारा.

तरी गाणं दिलंय. कारण वहिनी म्हणाली ते बरोबर होतं, त्या गाण्यातला घन आभाळातला नाहीच. आणि दुसरं असं, की आरती प्रभू आपल्या कुडाळात खानावळ चालवायचे. गिऱ्हाईकाच्या ताटात आमटी वाढता वाढता ज्या माणसाच्या डोक्यात अशा ओळी चालायच्या, त्याचं गाणं परदेशात एकट्याने भात लावताना ऐकायला हरकत नाही. हृदयनाथांची चाल आहे, आशाबाई गायल्यात. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतील तर मात्र लावू नको. भात लागतो. हा अनुभव वहिनीचा आहे, माझा नव्हे.

"देवाक काळजी रे" तुझ्या फोनमध्ये आधीपासूनच असेल. 'रेडू' आला 2018 ला आणि तेव्हापासून सिंधुदुर्गातल्या प्रत्येक माणसाची रिंगटोन तीच. अजय गोगावलेंनी मालवणीत गायलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. ते फक्त सरकारी कचेरीच्या रांगेसाठी राखून ठेव. निवास परवाना, बँकेचं खातं, घरभाड्याचे कागद, यापैकी काहीही अडलं की एकदा ऐकायचं आणि पुन्हा पहिल्या खिडकीवर जायचं.

आरत्यांचं काम सगळ्यात किचकट निघालं. सुरेख स्टुडिओत गायलेल्या आरत्या मिळतात, पण त्यांचा तुला उपयोग नाही. त्या लोकांना आरती येते. आपल्याकडे एकाने चुकीचं कडवं उचलायचं, दुसऱ्याने त्याच्याकडे डोळे वटारायचे, तिसऱ्याने झांज पुढे रेटून दोघांना ओलांडून जायचं, तेव्हा कुठे आरती झाल्यासारखी वाटते. म्हणून यंदाच्या गणपतीत, तू सासरवाडीला गेलास त्या संध्याकाळी, मी तुमच्या घरची आरती रेकॉर्ड केली. पहिल्यांदा फोन माटवीला, त्या लटकवलेल्या कांगल्या आणि कवंडळांच्या मधोमध अडकवला. ऐकून पाहिलं तर नुसता फरफराट. फोनचा माइक बोलण्यासाठी असतो. हातभर अंतरावर झांजा वाजल्या की तो हात टेकतो, आणि एकदा आवाज फाटला की नंतर आवाज कमी करूनही तो शिवता येत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना पडद्यावर उड्या मारणारी रेघ वरच्या काठाला चिकटून बसली, तर समजायचं की फाटतंय. दुसऱ्या आरतीला फोन माजघराच्या खिडकीत ठेवला, पुढे दुमडलेला पंचा. झांजा मागे गेल्या, माणसं पुढे आली.

त्यात "येई हो विठ्ठले" ला बुवांनी जो 'ये' लांबवलाय तो घड्याळ लावून ऐकण्यासारखा आहे. मधे कुत्रा भुंकतो, कोणीतरी त्याला हाड म्हणतं, एक पोरगं शिंकतं, आणि बुवा अजून तिथेच. पण खरी गंमत "शेंदूर लाल चढायो"ची. ती दरवर्षी तू उचलतोस. त्या दिवशी तू नव्हतास, आणि कोणालाच ते सुचलं नाही. सगळे हात जोडून थांबले. रेकॉर्डिंगमध्ये तिथे मोठीच्या मोठी शांतता आहे, आणि मग नानांचा आवाज, "खय गेलो तो?" मी ती जागा कापलेली नाही. पुढच्या भाद्रपदात तिथे थांब, पहिली ओळ तू म्हण. मागून आम्ही येतोच. तुझी पट्टी आणि आमची पट्टी जुळणार नाही, पण तशी ती कधीच जुळली नव्हती.

दशावतार झोपेसाठी आहे. हसू नको. गेल्या जत्रेतला अख्खा प्रयोग आहे, पायपेटी, पखवाज, झांज, मागे जनरेटर आणि चणेवाला. लहानपणी आपण गोधडीत गुरफटून पुढच्या रांगेत बसायचो आणि गणपती-सरस्वती होऊन संकासुर येईपर्यंत अर्धे झोपलेले असायचो. मग राक्षस आरोळी ठोकत यायचा, आपण दचकून उठायचो, आणि राजा भाषणाला लागला की पुन्हा आडवे. त्या भाषणांना संहिता नसते, कथा ठरलेली आणि बोलणं आयत्या वेळचं, त्यामुळे राजाला थांबायचं कुठे हे राजालाही माहीत नसतं. झोपेच्या गोळीत हा गुण नाही. फक्त आवाज बारीक ठेव, कारण राक्षसाची एंट्री साधारण चाळिसाव्या मिनिटाला आहे आणि तुझा खालचा शेजारी कसा आहे, आपल्याला अजून कळलेलं नाही.

डबलबारीचे तीन गजर आहेत, जाखडीचं एक आहे (चिपळूणच्या मावशीचा आग्रह), माझ्या पुतण्याने स्वतः रचून स्वतःच म्हटलेलं एक आहे. ते ऐकलं असं त्याला कळव, ऐकलं नाहीस तरी चालेल.

शेवटचं गाणं गाणं नव्हे. नानांनी तुझ्यासाठी देवळात गाऱ्हाणं घातलं, तेव्हा तू पणजीला कागदांच्या मागे होतास. मी खांबाआड उभा राहून ते फोनवर घेतलं. गाऱ्हाणं घालणाऱ्या काकांनी आधी विचारलं, "खयच्या देशात जाता?" कोणीतरी म्हणालं नॉर्वे. काकांनी तो शब्द एकदा तोंडातल्या तोंडात घोळवला, श्वास घेतला आणि सुरू केलं:

"बा देवा रवळनाथा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जो काय हो तुझो लेकरू सातासमुद्रापलीकडे नारव्याक जाता हा, तेका वाटेत खयचा आडवातिडवा येव नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"थंयल्या थंडीत तेका सर्दी-पडसा, खोकलो होव नये. थंयलो मासो तेका मानवान घेव. पासपोर्ट बघणाऱ्याक चांगली बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जसो गेलो तसो परत हाड. आणि येताना," इथे काका जरा थांबले, नानांकडे पाहिलं, "येताना हातात काय ता घेवन येव दी रे म्हाराजा!"

यावरचा "व्हय म्हाराजा" सगळ्यात मोठा आहे. त्यात माझाही आवाज आहे.

हे विमानात ऐकायला हरकत नाही, म्हणून हेच तुझ्या फोनवरही टाकलंय. पण इअरफोन घाल, आणि इमिग्रेशनच्या रांगेत ऐकू नकोस. आपली सवय वाईट. तो अधिकारी काहीतरी विचारेल, नेमका त्याच वेळी काका श्वास घेतील, आणि तू हात जोडून ओरडशील. मग त्याला काय समजावणार?

पेनड्राइव्ह जॅकेटच्या आतल्या खिशात आहे, गोलमोच्या पिशवीत नाही. काकीने तिथे ठेवला होता, मी काढला.